उंटाचे कण्हणे, थुंकणे आणि खरा राग

हिंगोली जिल्ह्यात उंट राहत नाही, तो येतो. आश्विनात हिंगोलीचा दसरा महोत्सव भरतो, दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा असलेला. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला शेजारच्या नांदेड जिल्ह्यात माळेगावची खंडोबाची यात्रा सुरू होते. घोडे आणि गाढवे ही तिची ओळख असली तरी जनावरांच्या त्या बाजारात उंटही दिसतात. मग महाशिवरात्रीला औंढा नागनाथ. या दिवसांत मुलांना पाठीवर बसवून मैदानात चकरा मारणारा एखादा सजवलेला उंट भेटतो, आणि आपल्या भागातल्या बहुतेकांचा उंटाशी आयुष्यभराचा संबंध तेवढाच असतो.

त्या थोड्या वेळात तो दोन गोष्टी करतो. तोंड वासून घशातून लांबलचक कण्हतो आणि तोंडातून फेस किंवा हिरवट पाणी सांडतो. आया मुलांना मागे ओढतात. कुणी म्हणते उंट चिडला, कुणी म्हणते उंटवाल्याने मारले असेल, कुणी म्हणते उंट असाच असतो. या तिन्ही समजुती कधी ना कधी खऱ्या ठरतात. अडचण अशी की कोणती केव्हा खरी, हे आवाजावरून ठरत नाही. सर्वात मोठ्याने ओरडणारा उंट बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो आणि ज्याने माणसाला जायबंदी केले, तो त्याआधी ओरडलेलाच असतो असे नाही. ओळखायचे ते तीन गोष्टींवरून: महिना कोणता, नर की मादी, आणि डोके, कान व तोंड काय करत आहेत.

आधी कण्हण्याचे पाहू. उंट बसतो ते पुढचे गुडघे टेकून, मग मागचे पाय दुमडून, शेवटी छातीखालच्या जाड घट्ट्यावर भार टाकून. उठताना आधी मागचा भाग वर येतो, म्हणून पाठीवरचा माणूस पुढे कोसळल्यासारखा झुकतो. चारशे ते सहाशे किलोंच्या देहाला ही घडी घालायला आणि उलगडायला कष्ट पडतात. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा हे करावे लागले, तर जनावर कुरकुर करणारच. मात्र कष्ट हे अर्धेच कारण आहे. पाठीवर ओझे पडायच्या आधीच, नुसते खोगीर जवळ आणले किंवा बसायची खूण केली की तो सुरू होतो. ओझे जड आहे की हलके, याच्याशी त्या आवाजाचा फारसा मेळ बसत नाही. नुसती गोधडी टाकली तरी कण्हणारे उंट असतात आणि भरल्या गोण्यांखाली गप्प उठणारेही असतात.

म्हणजे हा आवाज तक्रारीचा आहे, आणि काही अंशी शिकलेला आहे. कोवळ्या वयात, साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी, उंटाला कामाला लावायला घेतात. तेव्हा तो प्रत्येक नव्या गोष्टीला ओरडतो. ओरडल्यावर माणूस क्षणभर थांबला, ओझे सारखे केले, दोर सैल केला, तर आवाजाचा उपयोग होतो हे त्याच्या ध्यानात येते आणि सवय पक्की होते. कळपापासून एकटे पाडले, अनोळखी माणूस अंगाशी आला, नाकातल्या खुंटीचा दोर ओढला, तरी तो असाच ओरडतो.

औंढ्याच्या यात्रेत एका उंटाशेजारी मी बराच वेळ उभा होतो. मुले चढवायला उंटवाल्याने दोराला हलका झटका दिला की उंटाचे तोंड उघडे, खालचा ओठ लोंबलेला, पिवळे दात दिसत आहेत आणि घशातून बैलगाडीच्या न वंगणलेल्या चाकासारखा आवाज. पण कान ताठ, बाजूला वळलेले. डोळ्यांच्या लांब पापण्या अर्ध्या मिटलेल्या. मान सैल. उठून चार पावले टाकली की आवाज बंद. दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच. मी उंटवाल्याला विचारले, चावत नाही ना? तो म्हणाला, "साहेब, हा बोलतो नुसता. बोलायचा थांबला आणि मान वर करून टक लावून बघायला लागला, की मग सांभाळायचं."

त्याने सांगितलेली खूण पक्की आहे. चालू लागल्यावर थांबणारे कण्हणे म्हणजे तक्रार. चालतानाही न थांबणारे, किंवा कुणी हात न लावता एकटा बसलेला असताना येणारे कण्हणे म्हणजे दुखणे. खोगिराखाली जखम झालेली असते, तळव्यात काटा किंवा खिळा रुतलेला असतो, पोट दुखत असते, नाकातल्या खुंटीभोवती पू झालेला असतो. मस्तीच्या हंगामाबाहेर, चारा समोर असताना उंट नुसते दात खात असेल, तर तेही बहुधा वेदनेचेच लक्षण. असे जनावर स्वभावाने गरीब असले तरी दुखऱ्या जागी हात लागताच फिरून चावू शकते. तेव्हा ती मस्ती नसते. दोष त्या जखमेकडे न पाहणाऱ्या माणसाचा असतो.

थुंकण्याची गोष्ट वेगळी आहे, कारण लोक ज्याला थुंकणे म्हणतात ती बहुधा थुंकी नसतेच. उंट रवंथ करतो. गाईच्या जठराला चार कप्पे, उंटाच्या जठराला तीन. पहिल्या मोठ्या कप्प्यात बाभळीचा, बोरीचा, लिंबाचा पाला आंबत असतो आणि तिथून घास पुन्हा तोंडात येतो. भ्यालेला किंवा कोंडीत सापडलेला उंट याच वाटेने आतले पातळ, हिरवट, आंबूस पाणी वर आणतो. तोंडातली लाळ त्यात मिसळते आणि डोके झटकून तो ते समोर उडवतो. गाल फुगलेले, डोके वर आणि मागे, ओठ सैल पडलेले दिसले की पुढच्या क्षणी काय होणार हे कळते. पिचकारी एखाद्या-दुसऱ्या मीटरवर पडते आणि तिला फारसा नेम नसतो. पुष्कळदा ती समोरच्या माणसापेक्षा उंटाच्याच छातीवर आणि गुडघ्यांवर जास्त सांडते. पशुवैद्य उंटाचे तोंड तपासताना समोर उभे न राहता बाजूला उभे राहतात ते यासाठीच.

हे पाणी विषारी नसते. अंगावर पडले तर धुवावे, डोळ्यात गेले तर भरपूर पाण्याने डोळा धुवावा. वास मात्र लवकर जात नाही. त्यामागे हल्ल्याचा बेत नसतो, तर लांब राहा एवढे सांगणे असते. दक्षिण अमेरिकेतला लामा हा उंटाचा नातेवाईक आपल्या कळपातल्या इतरांवर रोजच थुंकतो, चाऱ्यावरून, जागेवरून. उंट तसा नाही. तो थुंकायला लागला तर त्याला कुणीतरी तिथवर ढकललेले असते. यात्रेत मुलांच्या घोळक्याने चारी बाजूंनी वेढलेला, तोंडासमोर मोबाइल धरलेला, शेपटी ओढली गेलेला उंट थुंकला, तर त्याचा इशारा मानून घोळका मागे घ्यावा. थुंकल्याची शिक्षा म्हणून त्याला मारणे सर्वात वाईट, कारण इशारा देऊन उपयोग होत नाही हे कळलेले जनावर पुढच्या वेळी इशारा न देता चावते.

तोंडातून पाणी येण्याचा आणखी एक प्रकार आहे आणि त्याची गल्लत होऊ देऊ नये. डोके न उचलता, न झटकता, उंटाच्या तोंडातून सतत लाळ किंवा हिरवे पाणी ओघळत असेल, तो चारा घेत नसेल, त्याला गिळता येत नसेल, तर तो आजारी आहे. घशात काही अडकले असेल, विषारी पाला खाल्ला असेल, आणि सर्वात वाईट म्हणजे पिसाळलेला कुत्रा चावून रेबीज झाला असेल. रेबीज झालेला उंट एरवी गरीब असला तरी दिसेल त्याला चावू लागतो. अशा उंटाच्या तोंडात हात घालून काय अडकले आहे ते पाहू नये. पशुवैद्याला बोलवावे.

आता खऱ्या धोक्याकडे येतो. उंटाने माणसाला गंभीर जखमी केल्याच्या घटनांमध्ये वयात आलेला नर आणि थंडीचे महिने ही जोडी पुन्हा पुन्हा दिसते. नर उंट वर्षातून एकदा मस्तीला येतो. भारतात हा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे दिवाळीच्या सुमारापासून होळीच्या आसपासपर्यंत. या काळात त्याच्या शरीरात नरपणाचे संप्रेरक अनेक पटींनी वाढते. तो खाणे कमी करतो, वाळतो, झोप उडाल्यासारखा फिरतो आणि दुसरा नर दिसला की पिसाळतो. ज्या उंटाने दसऱ्याला दिवसभर मुलांना फिरवले, तोच उंट माळेगावच्या यात्रेपर्यंत वेगळे जनावर झालेला असू शकतो. हे पंचांग कुणी लक्षात घेत नाही. दसरा मस्तीच्या आधी येतो, माळेगाव ऐन मस्तीत, महाशिवरात्र मस्ती ओसरत असताना.

मस्तीच्या खुणा लपत नाहीत, ओळखता मात्र आल्या पाहिजेत. पहिली खूण डोक्याच्या मागच्या बाजूला, कानांच्या खाली. तिथल्या कातडीतल्या दोन ग्रंथींमधून काळपट तपकिरी, डांबरासारखा, उग्र वासाचा स्राव पाझरतो आणि मानेवरचे केस चिकट होतात. उंट ही मान खांबाला, झाडाला, आपल्याच खांद्याला घासतो. दुसरी खूण तोंडात. टाळूच्या मागचा मऊ पडदा हवेने फुगून तोंडाच्या एका बाजूने बाहेर येतो, लालसर गुलाबी, ओल्या फुग्यासारखा. सोबत घशातून गुळण्या केल्यासारखा घळघळ आवाज येतो आणि ओठांवरून पांढरा फेस ओघळतो. काही सेकंदांत तो फुगा आत जातो, थोड्या वेळाने पुन्हा येतो. बघणाऱ्यांना वाटते उंटाची जीभ बाहेर आली, कुणाला वाटते आतडे आले. तो फेस आणि तो आवाज पाहून लोक उंट थुंकतोय म्हणतात आणि जवळ जाऊन फोटो काढतात. नेमके तेव्हाच जवळ जायचे नसते. तिसरी खूण मागे. पाय फाकवून तो शेपटीवर लघवी करतो आणि शेपटी पाठीवर आपटून ती अंगभर शिंपडतो. जोडीला दात करकरा वाजवणे.

या तीनपैकी एक खूण दिसली तरी तो उंट मुलांच्या कामाचा नाही.

मस्तीत आलेला नर चावतो तेव्हा त्याचे दात पाहिले पाहिजेत. मोठ्या उंटाला 34 दात असतात. पुढच्या भागात, सुळ्यांच्या आगेमागे, वरच्या जबड्यात सुळ्यासारखेच टोकदार आणखी दात असतात, आणि नरात ते जाड व लांब वाढतात. गाय-बैलाच्या वरच्या जबड्यात पुढे दातच नसतात, त्यामुळे गुरे सांभाळलेल्या आपल्या शेतकऱ्याला जनावराच्या तोंडाची भीती नसते. तो शिंगे आणि लाथ सांभाळतो. उंटाजवळ हाच अनुभव घातक ठरतो. उंट दंड, कोपर, खांदा, डोके किंवा चेहरा पकडतो. सुळे खोल जातात आणि जबड्याच्या दाबाने आतले हाड चुरते. वरून जखम दोन-चार भोकांची दिसते, आत मात्र मोडतोड झालेली असते. पकडल्यावर तो माणसाला उचलून झटकतो, खाली पाडतो आणि मग सर्वात भयंकर म्हणजे त्याच्यावर बसतो. बसताना ज्या घट्ट्यावर तो भार टाकतो, तोच घट्टा माणसाच्या छातीवर येतो. दोन नर लढताना एकमेकांना याच पद्धतीने खाली दाबतात.

हल्ल्याआधीची देहबोली कण्हणाऱ्या उंटाच्या देहबोलीच्या उलट असते. तोंड मिटलेले किंवा दात वाजवणारे. मान ताठ आणि उंच, किंवा जमिनीशी समांतर करून पुढे ताणलेली. कान मागे डोक्याला चिकटलेले. नजर एका माणसावर खिळलेली. शेपटी फटाफट आपटत असते. तो आडवा उभा राहून आपली उंची दाखवतो. या अवस्थेत आवाज असला तर तो गुळण्यांसारखा घुमणारा असतो, रडका नसतो. पुष्कळदा आवाजच नसतो.

मराठी मुलुखाला हे ज्ञान एकेकाळी होते. शिवकाळातल्या अठरा कारखान्यांमध्ये उष्ट्रखाना हा स्वतंत्र कारखाना होता आणि पेशवाईत निकडीची पत्रे सांडणीस्वार नेत. सांडणी म्हणजे मादी. मादीला नरासारखी मस्ती चढत नाही. हिवाळाभर कामाला येणारे जनावर हवे असेल तर मादीच विश्वासाची, असे माझे मत आहे. मादीबद्दल एकच सावधगिरी घ्यावी लागते. उंटिणीचा गाभणकाळ सुमारे तेरा महिन्यांचा, त्यामुळे पिल्ले पुढच्या हिवाळ्यातच जन्मतात, आणि ताज्या पिल्लाजवळ अनोळखी माणूस गेला तर तीही चावते आणि लाथ मारते.

मस्ती हे मुख्य कारण असले तरी एकमेव नाही. मे 2016 मध्ये राजस्थानातल्या बाडमेर जिल्ह्यात एका उंटाने आपल्या मालकाला मानेत पकडून ठार केल्याची बातमी देशभर गेली. मे हा मस्तीचा महिना नव्हे. उंट दिवसभर कडक उन्हात पाय बांधून ठेवलेला होता आणि मालक रात्री त्याला सोडवायला गेला, असे त्या वेळी सांगितले गेले. उंटाला ऊन सोसते हे खरे. पण वाळवंटातला उंट ऊन सोसतो तो तोंड सूर्याकडे करून, जागा बदलून, सावली शोधून. पायबंद घालून एका जागी उभा केलेल्या उंटाला यातले काहीच करता येत नाही. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत लग्नाच्या वरातींसाठी उंट आणतात, डांबरी रस्त्यावर तासन् तास उभा करतात आणि कानाशी डीजे लावतात. मस्ती नसलेल्या गरीब उंटालाही हे पुरेसे आहे.

उंट डूख धरतो आणि वर्षांनी सूड घेतो अशी समजूत राजस्थानपासून अरबस्तानापर्यंत आहे. उंट माणसे ओळखतो, हे त्याला सांभाळणारा कुणीही सांगेल. मारणाऱ्या माणसाला पाहून तो कान पाडतो, चारा घालणाऱ्याला पाहून मान पुढे करतो. एवढ्यावरून त्याने बेत आखला असे ठरत नाही. बहुतेक सूडकथांमध्ये आधी मारहाण आहे आणि नंतर त्याच माणसाने एकट्याने, बेसावधपणे जवळ जाणे आहे. मारलेले जनावर भिते आणि भ्यालेले जनावर संधी मिळाली की चावते. उंटाला सूडबुद्धीचा म्हटले की मारणारा मात्र सुटतो, म्हणून ही समजूत मला मान्य नाही.

जानेवारी 2022 मध्ये विदर्भात जे घडले त्यातून या साऱ्याची व्यावहारिक बाजू दिसते. अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासर पोलिसांनी कच्छच्या पाच पशुपालकांकडचे 58 उंट ताब्यात घेतले. ते कत्तलीसाठी नेले जात असल्याची तक्रार होती. पशुपालकांचे म्हणणे तसे नव्हते, आणि पुढे प्रकरण न्यायालयात गेले. उंटांची रवानगी अमरावतीच्या गोरक्षण संस्थेत झाली. त्या वादाचा निवाडा हा या लेखाचा विषय नाही, पण महिना पाहा. जानेवारी, मस्तीचा भर. कळपात बहुसंख्य नर. गाईंसाठी बांधलेली जागा आणि उंट न हाताळलेली माणसे. अशा वेळी कोणता उंट नवख्या जागेमुळे कण्हतो आहे, कोणता आजारी आहे आणि कोणत्या दोन नरांना एकमेकांपासून लांब बांधले पाहिजे, हे सांगणारा माणूस फक्त त्यांचा राखणदार असतो. कच्छचे रबारी पिढ्यान्‌पिढ्या विदर्भात उंट-मेंढ्या घेऊन फिरत आले आहेत. कायद्याचे काम कायद्याने करावे, पण जप्तीतल्या उंटांपाशी उंट कळणारा एक तरी माणूस ठेवावा, नाहीतर जनावर आणि माणूस दोघांच्याही जिवावर बेतते.

उंटाजवळ जायची वेळ आली तर काय करावे हे फार अवघड नाही. समोरून किंवा मागून जाऊ नये. त्याला दिसेल असे, तिरक्या बाजूने, बोलत जावे. समोरून तो चावू शकतो आणि त्याचा मागचा पाय घोड्यापेक्षा रुंद, बाजूलाही फिरतो. बसलेल्या उंटाच्या तोंडाखाली वाकू नये. उंटवाला दोर धरून नसेल तर अजिबात जवळ जाऊ नये. मस्तीतल्या नराला त्याचे मालक मुसके बांधतात, पुढचा एक पाय दुमडून बांधतात आणि दुसऱ्या नरापासून दूर ठेवतात. काही जण कामाच्या उंटांचे खच्चीकरण करून घेतात. खच्ची केलेल्या उंटाची मस्ती पुष्कळ कमी होते, पण मोठ्या वयात खच्ची केला तर जुनी खोड लगेच जात नाही.

उंट चावलाच तर जखम वरून लहान दिसते म्हणून हळद लावून घरी बसू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि जिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावे. तिथे धनुर्वाताची आणि रेबीजची लस घ्यावी, हाड मोडले आहे का याची एक्स-रे काढून खात्री करावी, आणि उंट पुढचे काही दिवस कसा वागतो यावर मालकाला लक्ष ठेवायला सांगावे. बोटे बधिर झाली, हात थंड पडू लागला, सूज वाढत गेली, तर आत रक्तवाहिनीला किंवा मज्जातंतूला इजा झालेली असते आणि त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे लागते.

यात्रा आणि महोत्सव भरवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत मुलांच्या सवारीसाठी वयात आलेला नर उंट मैदानात येऊ देऊ नका. मादी किंवा लहानपणी खच्ची केलेलाच उंट घ्या, आणि परवानगी देण्याआधी पशुसंवर्धन विभागाच्या डॉक्टरांकडून त्याच्या कानांमागची जागा, तोंड आणि पाठ पाहून घ्या. हे पाहायला पाच मिनिटे पुरतात.